विपणन अंदाजपत्रक ठरवण्याच्या पद्धती: तुलनात्मक उत्तराची तयारी

प्रश्न: सांगली जिल्ह्यातील एका हळद-मसाला उत्पादकाची मागील वर्षाची विक्री ८ कोटी रुपये होती. पुढील वर्षी त्याला पुणे शहरात उतरायचे आहे. विक्रीच्या टक्केवारीची पद्धत, स्पर्धक-समानता पद्धत आणि उद्दिष्ट-कार्य पद्धत यांची तुलना करून जाहिरात व विक्रयवृद्धीसाठी किती तरतूद करावी, ते सकारण सांगा. (१५ गुण)

या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक विद्यार्थी प्रत्येक पद्धतीची व्याख्या देतात, चार फायदे आणि चार तोटे लिहितात आणि थांबतात. अशा उत्तराला सात-आठ गुणांच्या पुढे नेणे परीक्षकाला अवघड जाते, कारण प्रश्नात तुलना मागितलेली असते आणि तुलनेला एक समान निकष लागतो. माझ्या मते या विषयात तो निकष एकच आहे: जाहिरात खर्च आणि विक्री यांच्या संबंधाबद्दल ही पद्धत काय गृहीत धरते आणि ते गृहीतक ती उघड मांडते की झाकून ठेवते? पुढील उत्तर याच निकषावर बेतलेले आहे. त्यातील आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. परीक्षेत असे आकडे घेताना 'असे मानू' हे शब्द लिहिण्यास विसरू नये.

विक्रीच्या टक्केवारीच्या पद्धतीत मागील वर्षाच्या किंवा पुढील वर्षाच्या अपेक्षित विक्रीचा ठरावीक टक्का प्रसिद्धीसाठी बाजूला काढतात. आपल्या उत्पादकाने ३ टक्के दर धरला, तर मागील विक्रीवर तरतूद २४ लाख रुपये होते आणि ९ कोटींच्या अपेक्षित विक्रीवर २७ लाख रुपये होते. हिशेब सोपा आहे, वित्त विभागाला तो पटतो, उत्पन्न आणि खर्च एकाच दिशेने हलतात आणि प्रत्येक पाकिटाच्या किमतीत प्रसिद्धीचा वाटा किती, हे व्यवस्थापनाच्या डोळ्यांसमोर राहते. एकाच व्यवसायातील सर्व कंपन्या साधारण सारखाच टक्का वापरत असतील, तर जाहिरातयुद्धही भडकत नाही.

या पद्धतीचा मूळ दोष कार्यकारणभावाचा आहे. जाहिरात विक्री घडवण्यासाठी करायची असते, पण येथे विक्री हे कारण आणि जाहिरात हा परिणाम ठरतो. समजा, पाऊस लांबला, ग्रामीण भागातील खरेदी आटली आणि विक्री ७ कोटींवर आली. सूत्राप्रमाणे तरतूद २१ लाखांवर घसरेल, म्हणजे ग्राहकाला धरून ठेवण्याची गरज वाढली असतानाच हात आखडला जाईल. दुसरा दोष पुणे शहरापुरता अधिक स्पष्ट दिसतो. तेथे या उत्पादकाची विक्री आज शून्य आहे आणि शून्याचे ३ टक्के शून्यच असतात, म्हणून नव्या बाजारपेठेबद्दल ही पद्धत काहीच सांगू शकत नाही. तिसरा मुद्दा विद्यार्थी सहसा सोडून देतात, तो म्हणजे ३ टक्केच का? हा दर बहुधा गेल्या वर्षीच्या खर्चावरून किंवा व्यवसायातील प्रघातावरून येतो आणि एकदा आला की त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

मात्र या पद्धतीला निव्वळ अडाणी ठरवणे बरोबर नाही. डॉर्फमन आणि स्टायनर यांनी १९५४ साली दाखवून दिले की नफा कमाल होतो त्या बिंदूवर जाहिरात खर्चाचे विक्रीशी प्रमाण हे मागणीची जाहिरात-लवचीकता भागिले किंमत-लवचीकता इतके असते. लवचीकता म्हणजे जाहिरात किंवा किंमत एक टक्क्याने बदलल्यास मागणी किती टक्क्यांनी बदलते, याचे माप. जाहिरात-लवचीकता ०.१ आणि किंमत-लवचीकता २ असेल, तर हे प्रमाण ५ टक्के येते. म्हणजे दोन्ही लवचीकता स्थिर असलेल्या, मुरलेल्या बाजारपेठेत ठरावीक टक्का सैद्धांतिकदृष्ट्या समर्थनीय ठरू शकतो, मात्र तो टक्का लवचीकतेच्या अभ्यासातून आलेला हवा. हे दोन-तीन ओळींत लिहिले, तरी उत्तराची पातळी बदलते.

स्पर्धक-समानता पद्धतीत, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतील कॉम्पिटिटिव्ह पॅरिटीत, स्पर्धक काय करतात ते पाहून तरतूद ठरते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे: समानता नेमकी कशाशी, याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. व्यवसायाचे जाहिरात-विक्री प्रमाण ४ टक्के असेल, तर आपल्या उत्पादकाची तरतूद ८ कोटींवर ३२ लाख होईल. त्याऐवजी बाजारहिश्श्याइतका जाहिरातहिस्सा, म्हणजे व्यवसायाच्या एकूण जाहिरात खर्चातील आपला वाटा, हे सूत्र धरले आणि त्याच्या विक्रीक्षेत्रात सर्व मसाला उत्पादकांचा एकूण जाहिरात खर्च ५ कोटी व त्याचा बाजारहिस्सा ६ टक्के असेल, तर तरतूद ३० लाख होईल. दोन्ही आकडे 'समानता' याच नावाखाली येतात, म्हणून कोणती समानता अभिप्रेत आहे, ते उत्तरात स्पष्ट लिहावे.

या पद्धतीच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. स्पर्धकांच्या खर्चात साऱ्या व्यवसायाचे सामूहिक शहाणपण उतरलेले असते, हा पहिला आणि समानता राखल्याने प्रसिद्धीयुद्ध टळते, हा दुसरा. दोन्ही कच्चे आहेत. स्पर्धकाची पत, वितरण, भांडवल आणि उद्दिष्टे वेगळी असतात. शिवाय तोही कदाचित टक्केवारीनेच खर्च ठरवत असेल, आणि तसे असल्यास आपण त्याचे शहाणपण उचलत नसून त्याची सवय उचलत असतो. स्पर्धकाचा जो खर्च आपल्याला कळतो, तोही उलटून गेलेल्या काळाचा असतो.

तरीही जाहिरातहिस्सा ही कल्पना टाकाऊ नाही. जॉन फिलिप जोन्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार लहान ब्रँडना बाजारहिश्श्यापेक्षा अधिक जाहिरातहिस्सा ठेवावा लागतो, तर मोठ्या ब्रँडना कमी हिस्सा पुरतो. नव्या ब्रँडने ज्या बाजारहिश्श्यावर डोळा ठेवला आहे, त्याच्या सुमारे दीडपट जाहिरातहिस्सा धरावा, हा पेकहॅम यांचा ठोकताळाही प्रसिद्ध आहे. पुण्यात ४ टक्के हिस्सा हवा असेल, तर त्या ठोकताळ्याने तेथील जाहिरात खर्चात ६ टक्के वाटा उचलावा लागेल. यावरून नव्याने उतरणाऱ्याला निव्वळ समानता पुरत नाही, हे स्पर्धक-समानतेच्या चौकटीतूनच सिद्ध होते.

उद्दिष्ट-कार्य पद्धत उलट टोकाकडून सुरू होते. आधी मोजता येईल असे उद्दिष्ट ठरवायचे, मग ते गाठण्यासाठी करायची कामे आणि शेवटी त्या कामांचा खर्च, आणि या खर्चाची बेरीज म्हणजेच अंदाजपत्रक. 'ब्रँडची ओळख वाढवणे' हे उद्दिष्ट नव्हे. रसेल कोली यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या डॅगमार दृष्टिकोनानुसार उद्दिष्टात ठरावीक ग्राहकवर्ग, आजची पातळी, अपेक्षित बदल आणि मुदत असावी लागते.

आपल्या उदाहरणात पुण्यातील लक्ष्य कुटुंबे ५ लाख आहेत, असे मानू. वर्षअखेर त्यांपैकी ४ टक्के, म्हणजे २०,००० कुटुंबे नियमित ग्राहक व्हावीत, हे उद्दिष्ट आहे. एकदा वापरून पाहणाऱ्यांपैकी २५ टक्के टिकतात असे धरले, तर ८०,००० कुटुंबांनी मसाला वापरून पाहायला हवा. नाव ठाऊक असलेल्यांपैकी ४० टक्के वापरून पाहतात असे धरले, तर २ लाख कुटुंबांना नाव ठाऊक असायला हवे. जाहिरात पोहोचलेल्या दहांपैकी आठ कुटुंबांच्या ते लक्षात राहते असे मानल्यास जाहिरात २.५ लाख कुटुंबांपर्यंत, म्हणजे लक्ष्य कुटुंबांच्या ५० टक्क्यांपर्यंत पोहोचली पाहिजे. प्रत्येकी सरासरी ६ वेळा म्हटल्यास ३०० जीआरपी, म्हणजे पोहोचीचा टक्का गुणिले सरासरी वेळा, लागतील. दर जीआरपीला ६,००० रुपये या हिशेबाने हा खर्च १८ लाख होतो. वापरून पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हाती, म्हणजे ४०,००० घरांत, नमुन्याचे छोटे पाकीट पोहोचवायचे, तर प्रत्येकी १५ रुपयांनी ६ लाख लागतील. ६०० किराणा दुकानांत दर्शनी मांडणीसाठी प्रत्येकी १,००० रुपयांनी आणखी ६ लाख लागतील. मोहिमेपूर्वीच्या आणि नंतरच्या पाहणीसाठी २ लाख धरू. पुण्याची बेरीज ३२ लाख होते. जुन्या जिल्ह्यांत ओळख टिकवण्यासाठी १० लाख धरले, तर एकूण तरतूद ४२ लाख होते.

हा आकडा आधीच्या सर्व आकड्यांपेक्षा मोठा आहे, आणि तो मोठा आहे म्हणून बरोबर ठरत नाही. या पद्धतीची खरी कमजोरी येथेच आहे: २५ टक्के, ४० टक्के आणि दहांपैकी आठ ही सर्व गृहीतके आहेत. पण ती कागदावर उघडी आहेत, प्रत्येकाला 'हे कशावरून?' असे विचारता येते, आणि पाहणीनंतर चुकलेला दुवा सापडतो. टक्केवारीच्या पद्धतीत हेच गृहीतक दरात दडलेले असते आणि स्पर्धक-समानतेत ते दुसऱ्याच्या निर्णयात दडते.

आणखी एक आक्षेप असा की ही पद्धत खर्च परवडतो का, हे आपणहून विचारत नाही. म्हणून बेरजेनंतर परतावा तपासावा लागतो. एक नियमित कुटुंब वर्षाला १,२०० रुपयांचा मसाला घेते आणि त्यावर ३० टक्के, म्हणजे ३६० रुपये अंशदान सुटते, असे धरू; अंशदान म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम. २०,००० कुटुंबांचे पूर्ण वर्षाचे अंशदान ७२ लाख होते. ग्राहक वर्षभरात हळूहळू जोडले जातात, म्हणून पहिल्या वर्षी निम्मे, ३६ लाख धरू. पुण्याचे ३२ लाख त्यातून निघतात. पण टिकणाऱ्यांचे प्रमाण २५ ऐवजी १५ टक्केच निघाले, तर नियमित कुटुंबे १२,००० होतील, पहिल्या वर्षीचे अंशदान २१.६ लाखांवर येईल आणि १०.४ लाखांची तूट पडेल. नमुन्याच्या पाकिटाची एका लहान भागात चाचणी घेऊन हेच प्रमाण आधी तपासणे व्यवहार्य ठरते.

निर्णय: जुन्या जिल्ह्यांत मागणी स्थिर असल्याने तेथे विक्रीच्या टक्केवारीची पद्धत ढोबळ मर्यादा म्हणून वापरावी. स्पर्धकांच्या खर्चाचा उपयोग पुण्यातील आवाजात आपले नाव ऐकू येईल का, हे पडताळण्यापुरता करावा. पुण्याची तरतूद उद्दिष्ट-कार्य पद्धतीनेच ठरवावी. उत्पादकाकडे पुण्यासाठी फक्त १६ लाख असतील, तर सर्व कामे निम्म्याने पातळ करू नयेत, कारण सरासरी ३ वेळा दिसलेली जाहिरात ६ वेळा दिसलेल्या जाहिरातीच्या निम्मी ओळख निर्माण करेलच, असे नाही. त्याऐवजी उद्दिष्ट लहान करावे. संपूर्ण पुणे न घेता कोथरूड आणि सिंहगड रस्त्यासारखे एक-दोन भाग निवडावेत, तेथे पाकिटे, दुकानातील मांडणी आणि स्थानिक जाहिरात पूर्ण ताकदीने करावी, आणि टिकणाऱ्या ग्राहकांचे खरे प्रमाण हाती आल्यावरच उरलेल्या शहराचे अंदाजपत्रक मांडावे.