शिष्यवृत्तीसाठी आभार

बेळगाव, २ जुलै

आदरणीय काका-काकू,
सप्रेम नमस्कार.

आपले २ लाख २० हजार रुपये पोचले. खानापूर आणि निपाणी भागातल्या शेतकरी घरांतल्या ११ मुलामुलींची फी त्यातून भरली. पैसे जूनमध्येच आले, हे फार बरं झालं. भाताची पेरणी, बियाणं-खत आणि कॉलेजची फी नेमकी एकाच वेळी अंगावर येते. आणि अशा वेळी थांबतं ते बहुधा मुलीचंच शिक्षण. यंदा तसं झालं नाही. अकरांत सात मुली आहेत, दोघी नर्सिंगला.

आपलं नाव कुठे छापायचं नाही, ही अट पाळली आहे. मुलांना मात्र ती पटलेली नाही!

आयकर सवलतीची पावती सोबत जोडली आहे. दिवाळीत गावी आलात की ऑफिसात चहाला या.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ