२५ वर्षांची हळद

सांगलीतल्या हळदीने ते पिवळे झाले हात,
पंचवीस ही वर्षे सरली, अजून गंध मनात.

आयर्विनच्या पुलावरुन मी स्कूटर नेली जेव्हा,
'हळू चालवा' म्हणत घट्ट तू धरले खांदे तेव्हा.
(स्कूटर विकली, तरी 'हळू' ते ऐकतोच मी अजुनी
कारमधेही वळणावरती तुझ्याच तोंडामधुनी!)

महापुराची एकोणिसच्या भिंतीवर ती रेघ
तशीच आहे, चिखल उपसता हसलिस, हटले मेघ.
'पुसू नका ती,' म्हणालीस तू रंग भिंतिला देता;
रेघेहुनही लेक आपली उंच जाहली आता.

भर सौद्यातुन भाव हळदिचा सांगाया मज धीर,
मनातला हा भाव सांगण्या केला किती उशीर!
सायंकाळी गणपतिमंदिर, मग कृष्णेचा घाट,
भडंग घेऊ, हळूच चालू, धरू जुनी ती वाट.