२५ मिमी प्लेटचं सर्टिफिकेट अडवलं आहे, का ते वाच

मंदार,

काल आलेल्या स्टीलच्या प्लेटांपैकी १२ मिमीच्या मी इनवर्ड केल्या आहेत. २५ मिमीच्या सहा प्लेटा वेगळ्या काढून होल्डचा टॅग लावला आहे. ट्रेडर तुला फोनवर म्हणाला, "हीट नंबर तोच आहे, सर्टिफिकेट तेच चालेल." तुला ते पटलं, आणि ऐकायला ते खरंच बरोबर वाटतं. पण पर्चेसमध्ये तू नवीन आहेस आणि असली सर्टिफिकेट आता तुझ्याच टेबलावरून जाणार आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट हीट नंबर. भट्टीतून एका वेळी जेवढा वितळलेला माल लॅडलमध्ये घेतला, ती एक हीट. त्या वितळलेल्या मालाचा नमुना तपासून जी रासायनिक रचना मिळते, ती त्या हीटमधून निघालेल्या प्रत्येक स्लॅबला लागू होते. पुढे त्यातले काही स्लॅब १२ मिमीला रोल होतात, काही २५ ला. म्हणजे कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस हे आकडे दोन्ही जाडींसाठी तेच. इथपर्यंत ट्रेडरचं म्हणणं बरोबर आहे.

यील्ड स्ट्रेंग्थ मात्र रोलिंगनंतर ठरते. पातळ प्लेट जास्त दाबली जाते, लवकर थंड होते, तिचे कण बारीक होतात आणि सहसा यील्ड वर जातं. जाड प्लेट सावकाश थंड होते, तिचं यील्ड उतरतं. स्टँडर्डलाही हे मान्य आहे. आयएस २०६२ मध्ये ई२५० या आपल्या ग्रेडसाठी किमान यील्ड २० मिमीपेक्षा कमी जाडीला २५०, २० ते ४० मिमीला २४० आणि ४० च्या वर २३० मेगापास्कल आहे. आता आपला कागद बघ. मेकॅनिकलच्या रकान्यात एकच ओळ आहे: जाडी १२, यील्ड २९१, टेन्साइल ४४२, इलाँगेशन २८. २५ मिमीची ओळच नाही. २९१ हा आकडा छान आहे, पण तो त्या सहा प्लेटांचा नाही. त्यांचं यील्ड २४० च्या वर असेलही, पण हा कागद ते सांगत नाही.

यील्ड म्हणजे ज्या ताणापर्यंत प्लेट ताण काढल्यावर मूळ आकारात परत येते, त्याची हद्द. तिच्यापुढे वाक कायमचा राहतो, आणि डिझायनरचं गणित याच आकड्यावर उभं असतं. टेन्साइल म्हणजे तुटण्याआधी नमुन्याने सोसलेला सर्वात मोठा ताण. ई२५० ला तो किमान ४१० हवा. मेगापास्कल आणि न्यूटन प्रति चौरस मिमी एकच आहेत, त्यामुळे कागदावर कुठलंही युनिट असलं तरी आकडा तोच वाचायचा. जुन्या पद्धतीने किलोग्रॅम प्रति चौरस मिमीत दिला असेल तर ९.८१ ने गुण.

यील्ड जितकं जास्त तितका माल चांगला, असं समजू नकोस. ई२५० मागवलं आणि यील्ड ३६० आलं, तर स्टँडर्डनुसार माल पास आहे, पण प्रेस ब्रेकवर त्याला जास्त टनेज लागतं आणि बेंड जास्त उघडतो. असा आकडा दिसला की शॉपला आधी कळव. बेंडिंगच्या जॉबला इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत नमुना किती टक्के लांबला, तेही बघायचं. ई२५० साठी ते किमान २३ टक्के आहे, पण कुठल्या गेज लेंग्थवर मोजलं हे शेजारी लिहिलेलं असतं. 5.65√S₀ वर मोजलेला टक्का आणि २०० मिमीवर मोजलेला टक्का यांची तुलना करायची नाही.

ग्रेडचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. ई२५० नंतर ए, बीआर, बीओ किंवा सी येतं, आणि फरक मुख्यतः इम्पॅक्ट टेस्टचा आहे. ए ला ती लागत नाही. बीआर ला मागितली तरच, खोलीच्या तापमानाला. बीओ ला शून्य अंशाला आणि सी ला उणे २० ला सक्तीची. ड्रॉइंगवर बीओ असेल आणि सर्टिफिकेटवर बीआर, तर यील्ड कितीही भरीव असलं तरी तो माल चालत नाही. थंडीत धक्का बसल्यावर स्टील कसं वागेल, हे यील्ड सांगत नाही. "ए३६ च्या तोडीचा", "एस२७५ च्या जागी चालतो" असं कुणी म्हणालं तर तो निर्णय तुझा नाही आणि माझाही नाही. डिझायनरची लेखी मंजुरी घ्यायची.

वेल्डिंगसाठी केमिकलच्या रकान्यातून एक आकडा काढून ठेव, कार्बन इक्विव्हॅलंट:

CE = C + Mn/6 + (Cr + Mo + V)/5 + (Ni + Cu)/15

आपल्या हीटला कार्बन ०.१७, मँगनीज ०.९८, क्रोमियम ०.०३, मॉलिब्डेनम ०.०१, व्हॅनेडियम ०.००२, निकेल ०.०२, तांबं ०.०३ आहे. उत्तर साधारण ०.३५ येतं. ई२५० बीआर ची मर्यादा ०.४१ आहे, म्हणजे वेल्डरला काळजी नाही. काही मिल हे आकडे शंभरपट किंवा हजारपट करून छापतात, कार्बन १७ आणि गंधक १२ असे. रकान्याच्या डोक्यावरचा गुणक बघितल्याशिवाय घाबरू नकोस आणि खूशही होऊ नकोस.

कागद कितीही नीट असला तरी तो प्लेटेशी जुळला नाही तर उपयोग नाही. म्हणून प्लेटवर पंच केलेला किंवा रंगवलेला हीट नंबर आणि प्लेट नंबर एकेक अक्षर ताडून बघ. बी आणि ८, शून्य आणि ओ इथे बऱ्याचदा घोटाळा होतो. ट्रेडरने फोटोकॉपीवर स्वतःचा शिक्का मारला म्हणून ती मिलची खात्री होत नाही. मिलचं नाव, सर्टिफिकेट नंबर आणि तपासणाऱ्याची सही वाचता आली पाहिजे. कटिंगच्या आधी हीट नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्यायला मी शॉपला सांगितलंच आहे. उरलेल्या ऑफकटवर नंबर नसेल तर तो पुढच्या जॉबला साधा भंगारच.

आता ट्रेडरला एवढंच लिही: "२५ मिमीच्या सहा प्लेटांचे प्लेट नंबर आणि त्याच जाडीचा टेन्साइल रिपोर्ट असलेलं मिलचं सर्टिफिकेट पाठवा. ते येईपर्यंत माल होल्डवर आहे." मिलकडे ती ओळ नसेल तर एका प्लेटमधून नमुना काढून बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये टेस्ट करून घेऊ. ते मिलचं सर्टिफिकेट ठरणार नाही, त्यामुळे ग्राहकाची संमती आधी घ्यावी लागेल, आणि खर्च कुणाचा हे ट्रेडरशी नमुना कापण्यापूर्वी ठरव.

पुढच्या पीओमध्ये हे वाक्य टाक: "आयएस २०६२ ई२५० बीआर. प्रत्येक जाडीसाठी स्वतंत्र मेकॅनिकल निकाल दाखवणारं ईएन १०२०४ प्रकार ३.१ सर्टिफिकेट मालासोबत. प्रत्येक प्लेटवर हीट नंबर आणि प्लेट नंबर वाचता येईल असा." ३.१ म्हणजे प्रत्यक्ष पुरवलेल्या मालाच्या टेस्टचे निकाल, मिलच्या उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाच्या सहीने. २.२ वर मिल फक्त माल ऑर्डरप्रमाणे असल्याचं सांगते आणि आकडे देते, पण ते आपल्याच प्लेटांच्या टेस्टचे असतील असं नाही.

तिसऱ्या बेमधल्या कटिंग सुपरवायझरला मी २५ मिमीला हात लावू नका असं सांगून ठेवलं आहे. ट्रेडरचं उत्तर आलं की कागद आधी माझ्याकडे पाठव.

– क्वालिटी विभागातून, दादा