प्रशिक्षकपदाचा राजीनामा

नाशिक, १२ मे २०२५

मा. सचिव, क्रिकेट समिती यांस,

स. न. वि. वि.

कंपनीने माझी बदली नागपूरला केली आहे. २ जूनला तिथे हजर व्हायचे आहे. त्यामुळे १४ वर्षांखालील मुलांच्या मानद प्रशिक्षकपदाचा राजीनामा देत आहे. शनिवार, ३१ मे हा माझा शेवटचा सराव. शनिवार-रविवार येऊन-जाऊन करता येईल का, तेही पाहिले. पण रात्रभर प्रवास करून सकाळी साडेसहाला नेटमध्ये उभे राहणे जमायचे नाही.

किटची बॅग, चार हेल्मेट आणि खोलीची किल्ली माळीकाकांकडे देतो. मॅटिंग पॅव्हेलियनच्या टोकाला उसवले आहे, पावसाआधी शिवून घ्यावे.

एक विनंती. आपल्या छोट्या डावखुऱ्या फिरकीवाल्याला कोणी ‘जोरात टाक’ म्हणू नये. एक षटकार बसला की तो लगेच सपाट टाकायचा. आता कुठे चेंडूला उंची द्यायला घाबरेनासा झालाय.

नवीन कोच मिळाले की त्यांना माझा नंबर द्यावा. मुलांना मात्र ही बातमी मीच सांगेन, तोवर कृपया बोलू नये.

कळावे,
आपला,
१४ वर्षांखालील मुलांचे ‘सर’