गावकरभाईंसाठी एक घरगुती दुपार (हे पत्र फक्त आपल्यापुरते)

पणजी, ५ ऑक्टोबर २०२६

सप्रेम नमस्कार,

आपले हेडक्लार्क गावकरभाई ३१ ऑक्टोबरला सेवानिवृत्त होत आहेत. तो शनिवार, म्हणजे सुटीचा दिवस. त्यामुळे कार्यालयाचा चहा आणि साहेबांचे दोन शब्द शुक्रवारी ३० तारखेलाच उरकतील. त्याहून मोठा समारंभ नको, असे भाईंनी स्वतःच सांगितले आहे आणि त्याचे कारणही आपल्याला ठाऊक आहे. निरोपाच्या नावाने यादी फिरते, नावापुढे आकडा लागतो आणि ज्याला महिनाअखेर ओढाताणीची असते, तोही लाजेखातर शेजारच्याएवढीच रक्कम लिहितो. भाईंना हे कधीच पटले नाही. 'माझ्यासाठी यादी फिरवू नका,' एवढेच त्यांचे म्हणणे.

यादी फिरणार नाही. पण त्यांना असेच घरी जाऊ देणेही आम्हाला जमत नाही. इथून निवृत्त झालेल्या कितीजणांची पेन्शनची फाईल त्यांनी हाताने लावून दिली आहे! आपले एक चालक अचानक गेले, तेव्हा कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन भाई रविवारी त्यांच्या वाळपईच्या घरी गेले. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती, म्हणजे वहिनींना कुणाला विचारत बसावे लागू नये. अशा माणसासोबत एक दुपार पंगतीला बसावे, एवढीच इच्छा.

शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सकाळी साडेअकरा वाजता, लेखा शाखेतील कामतबाय यांच्या म्हार्दोळच्या घरी जमायचे आहे. घर म्हाळसेच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पणजी-फोंडा मार्गावरच्या थांबे घेत जाणाऱ्या बसने म्हार्दोळला उतरावे, आमच्यापैकी कुणीतरी देवळाजवळ उभे असेल. जेवण शाकाहारी : खतखते, मुगागाठी, सोलकढी आणि मणगणे. घरच्यांना जरूर आणा, फक्त किती पाने ते सोमवार २६ तारखेपर्यंत कळवा.

भाईंना काही सांगितलेले नाही. वहिनी आणि मुलगा दोघांनाही ठाऊक आहे. कामतबायच्या घरी भजन आहे, असे सांगून ते त्यांना बाराच्या सुमारास घेऊन येतील. हे खोटेही नाही, जेवणानंतर भजन होणारच आहे. आपण मात्र साडेअकराला पोचलेले असावे. वाहने कामतबायच्या दारात लावू नयेत, कारण आपली एकूण एक स्कूटर भाई लांबून ओळखतात.

आता वर्गणीचे. भाई चवथीच्या आरत्यांना वाड्यावरची जुनी पेटी वाजवतात. तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. ते बोटाने उचलून घेतात आणि पुढे वाजवत राहतात. निवृत्तीनंतर रोज वाजवायला त्यांच्या स्वतःच्या घरी पेटी असावी, असे ठरले. ती ११,५०० रुपयांना मिळते आहे. जेवणाचा खर्च सुमारे ४,५००. मिळून १६,०००. आपण नियमित कर्मचारी ३२ जण आहोत, म्हणजे प्रत्येकी ५०० रुपये होतात. याहून जास्त कुणाकडूनही घेणार नाही. कमी दिले तरी चालेल, नाही जमले तरी चालेल. कुणी किती दिले हे कुठेही लिहिले जाणार नाही आणि कमी पडेल ते आम्ही दोघी बघून घेऊ. आपले आठ कंत्राटी सहकारी वर्गणी देणार नाहीत. त्यांना आग्रहाचे आमंत्रण आहे आणि ते न आले तर भाईंना सर्वांत जास्त वाईट वाटेल.

पैसे नाव न घातलेल्या पाकिटातून शुक्रवार १६ ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे किंवा कामतबायकडे द्यावेत. यूपीआयने पाठवायचे असल्यास क्रमांक तोंडी विचारून घ्या आणि शेऱ्यात भाईंचे नाव लिहू नका.

शाल-श्रीफळ नाही, भाषणे नाहीत, वेगळी भेटवस्तूही नको. वहिनींसाठी अबोलीची एक फाती तेवढी सांगून ठेवली आहे. भाईंची एखादी आठवण सांगावीशी वाटली, तर पंगतीत बसल्या बसल्या सांगा.

आणि एक कळकळीची विनंती : कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाई आहेत, तिथे याचा उल्लेख नको. येणार असल्याचेही मला वेगळेच कळवा. हे पत्र टेबलावर ठेवू नका, वाचून घरी न्या.

वाट पाहतो.

आपल्या,
सुलभा नाईक (आस्थापना शाखा)
कामतबाय (लेखा शाखा)