पूर्वनोंदणीचा प्रतीक्षाकाळावरील परिणाम: क्वांटाइल रिग्रेशनचे निष्कर्ष

बाह्यरुग्ण विभागातील १२० कामकाजी दिवसांपैकी कोणत्या ६० दिवशी पूर्वनोंदणीची पद्धत लागू असेल हे सोडतीने ठरवले होते, आणि या सर्व दिवसांतील ५,७६० भेटींचे विश्लेषण येथे दिले आहे. प्रतीक्षाकाळाचे वितरण उजवीकडे बरेच लांबलेले आहे: पूर्वनोंदणी नसलेल्या दिवशी मध्यक ४१ मिनिटे होता, तर ९० वा शतमक १३४ मिनिटे. अशा वितरणात केवळ सरासरीतील फरक सांगितल्यास तो नेमका कुठे पडला हे कळत नाही, म्हणून नेहमीच्या रेषीय रिग्रेशनबरोबरच पाच क्वांटाइलांवर स्वतंत्र अंदाज काढले. प्रत्येक मॉडेलमध्ये उपविभाग, आगमनाची वेळ आणि पहिली किंवा फेरभेट यांचा समावेश आहे. एकाच दिवसाच्या भेटी परस्परांपासून स्वतंत्र नसल्याने बूटस्ट्रॅपमध्ये संपूर्ण दिवस हेच एकक धरून १,००० पुनर्नमुने घेतले.

| क्वांटाइल | फरक (मिनिटे) | ९५% विश्वास-अंतराल |
|---|---|---|
| ०.१० | −१ | −३ ते १ |
| ०.२५ | −३ | −५ ते −१ |
| ०.५० | −६ | −९ ते −३ |
| ०.७५ | −१५ | −२१ ते −९ |
| ०.९० | −२९ | −४० ते −१८ |
| सरासरी | −११ | −१५ ते −७ |

सरासरी ११ मिनिटांनी घटली हे खरे असले, तरी हा आकडा वितरणाच्या दोन्ही टोकांना लागू पडत नाही. खालच्या टोकाला, जिथे मुळातच फारसे थांबावे लागत नाही, तिथे फरक नगण्य आहे. वरच्या टोकाला मात्र तो जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे. एका अंतरालात शून्य येते आणि दुसऱ्यात येत नाही, एवढ्यावरून परिणाम भिन्न आहेत असे म्हणता येत नसल्याने ०.९० आणि ०.१० येथील गुणकांतील फरक थेट तपासला: तो −२८ मिनिटे आहे (९५% विश्वास-अंतराल −३९ ते −१७).

सर्वांचा प्रतीक्षाकाळ एकाच प्रमाणात घटला असता, तरीही मिनिटांतील फरक वर मोठाच दिसला असता, ही शंका रास्त आहे. म्हणून प्रतीक्षाकाळाच्या लॉगरिदमवर तेच विश्लेषण पुन्हा केले; तिथे घट ०.१० वर ८ टक्के, मध्यकावर १५ टक्के आणि ०.९० वर २१ टक्के आढळली. परिणामातील भिन्नता केवळ मोजमापाच्या एककामुळे दिसते असे यावरून वाटत नाही.

सोप्या शब्दांत, पूर्वनोंदणीच्या दिवशी अतिदीर्घ प्रतीक्षा लक्षणीय प्रमाणात आखूड झाली. मात्र −२९ या आकड्याचा अर्थ "सर्वाधिक थांबणाऱ्या रुग्णाची २९ मिनिटे वाचली" असा घेऊ नये. मॉडेलमधील बाबी समान असलेल्या भेटींमध्ये दोन प्रकारच्या दिवसांचे ९० वे शतमक किती वेगळे आहेत, एवढेच तो सांगतो. तीच व्यक्ती दोन्ही पद्धतींत त्याच क्रमस्थानी राहिली असती, हे गृहीत या आकडेवारीतून तपासता येत नाही.