शेंगदाण्याच्या ॲलर्जीबाबत : चि. ईशान, इयत्ता दुसरी

दि. 16 जून 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
प्राथमिक विभाग, सातारा

महोदया,

आपल्या शाळेतील चि. ईशान (वय 7 वर्षे, वजन 22 किलो) याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. त्याच्या पालकांच्या संमतीने आणि बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे दाण्याचे कूट कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत कशातही असते आणि ते वरून दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. पोह्यांतील दाणे वेचून काढले तरी ते पोहे त्याला चालणार नाहीत, कारण दाण्याचा अंश पोह्यांना लागलेलाच असतो. चिक्की, दाण्याची चटणी, भरली वांगी, कूट घातलेले तिळगूळ आणि घाण्याचे शेंगदाणा तेल पूर्णपणे वर्ज्य आहे. आषाढीच्या दिंडीत खिचडी वाटली जाणार असल्यास कृपया आदल्या दिवशी पालकांना कळवावे, म्हणजे त्या दिवशीचा खाऊ ते घरून देतील.

वरण-भात, पोळी-भाजी, इडली, दूध, अंडी आणि फळे तो निर्धास्तपणे खातो. तीळ, खोबरे, काजू व बदामही तपासणीअंती त्याला चालतात. मात्र हे पदार्थ घरच्या डब्यातीलच असावेत, कारण कुटाचा चमचा दुसऱ्या भाजीत बुडाला तरी धोका संभवतो. वाढदिवसाला पाकीटबंद खाऊ आल्यास त्यावरील ॲलर्जीची सूचना वाचावी आणि शंका असल्यास देऊ नये. डबा वाटून खाण्यास त्याला मनाई असली तरी त्याला वेगळे बसवू नये, ही विनंती; शेजारच्या मुलांनी जेवणानंतर साबणाने हात धुणे पुरेसे आहे. सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही.

चुकून दाणा पोटात गेल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा पोटात कळ येणे, एवढेच लक्षण असल्यास पालकांना फोन करून त्याच्यापाशी थांबावे. श्वास घेताना घरघर, आवाज बसणे, सतत खोकला, चक्कर किंवा एकाएकी मलूल होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी पालकांची वाट न पाहता 0.15 मिलिग्रॅमचे ॲड्रेनलिन पेन मांडीच्या बाहेरील बाजूस, गणवेशावरूनच, टोचावे आणि लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. त्याला आडवे करून पाय उंचावर ठेवावेत. श्वास लागत असल्यास बसू द्यावे, पण उभे करू नये. पाच मिनिटांत उतार न पडल्यास दुसरे पेन द्यावे. ॲलर्जीचे औषध पाजून वाट पाहणे, ही यातील सर्वांत घातक चूक होय. बरे वाटले तरी रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

दोन पेन व डॉक्टरांची सही असलेला आराखडा सोबत दिला आहे. पेन वर्गशिक्षिकांच्या कपाटात, कुलूप न लावता ठेवावीत. फ्रीजमध्ये किंवा उन्हात ठेवू नयेत. त्यांची मुदत मार्च 2026 पर्यंत आहे. वर्गशिक्षिका आणि मावशींना सरावाच्या पेनवर प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी येऊ शकेन. ही वेळ सोयीची आहे का, ते कळवावे.

आपली विश्वासू,
मृणाल केळकर
बाल-आहारतज्ज्ञ

प्रत : वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी, पालक